कापलेला रकाना

युसूफ वडगाव नावाच्या गावातल्या शाळेत मी इंग्रजी शिकवते. गावाच्या हिशोबाने याचा अर्थ एवढाच की जगात जे काही इंग्रजीत छापलं जातं, ते मराठीत करून देणं माझं काम आहे. औषधाच्या बाटलीवरचा कागद, बँकेचा मेसेज, पाण्याच्या मोटारीची चोपडी, सगळं माझ्याकडे येतं. पण सगळ्यात जास्त येतात ते रक्ताचे रिपोर्ट, आणि तेही फोटो काढून.

त्या फोटोंबद्दल एकदा मनातलं बोलून घेते. माणसं रक्त द्यायला उपाशीपोटी जातात, दोन तास बाकावर बसतात, रिपोर्ट हातात आला की जपून पिशवीत ठेवतात, आणि त्याचा फोटो मात्र चालत्या गाडीवर काढल्यासारखा काढतात. कागदावर स्वतःच्याच डोक्याची सावली. कडेला अंगठा, तोही नेमका आकड्यावर. काहींनी कागदाला प्लॅस्टिक करून आणलेलं असतं, मग ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा बरोबर हिमोग्लोबिनवर पडतो. आणि खाली लिहिलेलं असतं, ‘मॅडम नॉर्मल हाय का’. मी म्हणते, अहो, आधी दिसू तर द्या.

सुरुवातीला मी फार उत्साहाने हे काम करायची. सगळंच मराठीत. तपासण्यांची नावंसुद्धा सोडत नव्हते. एका मेंढपाळाच्या आजारी वडिलांच्या रिपोर्टातल्या वीसेक तपासण्यांना मी स्वतः तयार केलेली मराठी नावं दिली होती, एककं मराठीत, आकडे मराठीत, आणि वर झकास समास आखलेला. म्हाताऱ्याने तोच कागद केजच्या डॉक्टरांपुढे ठेवला, मूळ रिपोर्ट घरी. डॉक्टरांनी मला फोन केला. ते शांतपणे बोलत होते, त्याचाच जास्त राग आला.

‘‘मॅडम, मराठी छान आहे तुमचं,’’ ते म्हणाले. ‘‘पण यातली कुठली तपासणी कुठली, हे मला ओळखू येत नाही. तुमच्या हातचा एक आणि नऊ सारखाच दिसतोय. तपासणीचं नाव, आकडा, युनिट आणि रेंज, या चार गोष्टींना हात लावू नका. जसं छापलंय तसं उतरवा. बाकीचं काय करायचं ते करा.’’

मला तोंडात मारल्यासारखं झालं, पण ते बरोबर होतं. तेव्हापासून माझी पद्धत पक्की आहे. कागदावर चार रकाने आखायचे. पहिल्यात तपासणीचं नाव इंग्रजी अक्षरांत, रिपोर्टात आहे तसंच. दुसऱ्यात आकडा, तिसऱ्यात युनिट, चौथ्यात त्या लॅबने छापलेली रेंज, म्हणजे किती ते किती असावं ते. यातलं काहीच बदलायचं नाही, टिंबसुद्धा नाही. मराठीत करायच्या त्या फक्त सूचना: रक्त उपाशीपोटी घेतलं की जेवल्यावर, नमुना कशाचा, खालची बारीक टीप काय म्हणते. आणि जे दिसत नाही तिथे लिहायचं, ‘फोटोत दिसत नाही’. अंदाज करायचा नाही. सगळं उतरवून झालं की फोटोवर एक बोट आणि कागदावर एक बोट ठेवून आकडे मोठ्याने वाचून ताडायचे.

लोक म्हणतात, मोबाइलमध्ये टाकलं की होतं आपोआप. होतं ना. माझ्याच थायरॉइडच्या रिपोर्टाचा फोटो मी एकदा त्यात टाकून पाहिला. त्याने ‘फ्री टी फोर’चं ‘मोफत टी चार’ केलं. मी पैसे भरून केलेली तपासणी.

तर अशी मी, नियमाची पक्की, शाळेत पोरांच्या वहीत मार्जिनबाहेर अक्षर गेलं तरी लाल शाई चालवणारी. आणि चूक केली ती माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीच्या कागदात.

धाकटी धर्मापुरीला दिलेली. घरचं किराणा दुकान, नवरा शांत, सासू कडक पण मनाने वाईट नाही. लग्नाला आठ वर्षं झालेली. दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळेला तिसऱ्या महिन्याच्या आतच सगळं संपलं. दुसऱ्या वेळेला मी तिच्याजवळ होते. त्यानंतर तिने लहान बाळाच्या बारशाला जाणं सोडलं, आणि आम्ही कुणीच तिला कावून न्हाई आलीस म्हणून विचारत नव्हतो.

एका गुरुवारी शाळेतून येऊन मी पाणी पीत होते, तेवढ्यात तिचा फोटो आला. मागोमाग फोन.

‘‘ताई, रिपोर्ट पाठवलाय बघ. तेवढं मराठीत कागदावर लिहून फोटो टाक. आत्याबाईंला वाचायचंय.’’

आत्याबाई म्हणजे तिची सासू. रोज पोथी वाचते. मराठीत लिहिलेलं असलं की तिचा त्यावर विश्वास बसतो, कुणाच्या तोंडच्या शब्दावर बसत नाही.

‘‘कशाचा रिपोर्ट? काय झालं तुला?’’

‘‘काय न्हाई गं. लई थकल्यावानी होतंय. थायरॉइड बघा म्हनले डॉक्टर.’’

‘‘कोणते डॉक्टर?’’

‘‘हितलेच,’’ ती म्हणाली आणि घाईने फोन ठेवला.

फोटो उघडला आणि माझं डोकं भणाणलं. वरचा भाग कापलेला. पेशंटचं नाव तेवढं राहिलेलं, कुणी तपासायला सांगितलं ती ओळ नाही. आणि उजवी बाजू तर सरळ रेषेत कापलेली. तपासणीचं नाव दिसतं, TSH. आकडा दिसतो, 3.96. युनिट दिसतं, µIU/mL. त्यापुढचा रेंजचा रकाना नाहीच.

मी लगेच लिहिलं, ‘पूर्ण कागदाचा फोटो पाठव. उजवी बाजू कापली गेलीय.’

पाच मिनिटांनी तोच फोटो परत आला. तोच, तसाच.

मी फोन केला. ‘‘अगं, हाच तर मघाशी आलता. चारी कोपरे दिसले पाहिजेत. कागद टेबलावर ठेव, वरून काढ.’’

‘‘कागद दुकानात ऱ्हायलाय ताई. ह्यांच्याकडं हाय. त्येवढ्यावर कर की.’’

‘‘त्येवढ्यावर न्हाई होत.’’

‘‘बाकीच्या लोकांचं करतीस की तू रोज. माझं एकच तर हाय.’’

लहानपणापासून तिची ही सवय आहे. भांडत नाही, नुसतं आवाज बारीक करते आणि समोरच्याला गुन्हेगार करून टाकते. मी तणतणत फोन ठेवला.

आता काय करायला हवं होतं ते मला नीट माहीत होतं. चौथ्या रकान्यात लिहायचं, ‘फोटोत दिसत नाही’. तीन शब्द. पण त्या दिवशी शाळेत साहेबांची तपासणी होती, चाळीस वह्या पुढ्यात पडल्या होत्या, गॅसवर वरण होतं, आणि मनात असं आलं की बहिणीला ‘दिसत नाही’ लिहून काय पाठवायचं? ती पुन्हा फोन करणार, आत्याबाई विचारणार, मग मीच सांगत बसणार. त्यापेक्षा मला माहीत असलेली गोष्ट आहे. मी स्वतः गेली सहा वर्षं थायरॉइडची गोळी खाते. कपाटात माझा रिपोर्ट आहे. तपासणी तीच, युनिट तेच, अक्षरन् अक्षर तेच. माझ्या रिपोर्टावर रेंज छापलेली आहे, 0.35 ते 5.50.

मी कपाट उघडलं, माझा रिपोर्ट काढला आणि माझी रेंज तिच्या कागदावर उतरवली.

एवढ्यावरही थांबले नाही. खाली माझ्या सुंदर अक्षरात लिहिलं, ‘आकडा मर्यादेत आहे. काळजीचे कारण नाही.’ ही ओळ मी कधीच कुणाला लिहून देत नाही. ते माझं कामच नाही. गावातले लोक त्या एका वाक्यासाठी माझ्यापुढे अक्षरशः हात जोडतात आणि मी त्यांना डॉक्टरांकडे पाठवते. बहिणीला मात्र लिहून दिलं, कारण तिचा आवाज बारीक झाला होता. आकडे मोठ्याने वाचून ताडलेसुद्धा. ताडणार कशाशी? माझ्या आकड्यांशी माझेच आकडे. बरोबर जुळले.

तिचा निरोप आला, ‘लई बरं वाटलं ताई’. खाली हात जोडल्याचं चित्र. मी वह्या तपासायला बसले.

आठ दिवस गेले. पुढच्या शुक्रवारी माझीच तपासणी होती म्हणून मी केजला गेले. सकाळी रक्त दिलं, पंचायत समितीत शाळेचं काम उरकलं आणि दुपारी रिपोर्ट घ्यायला परत लॅबमध्ये आले. कागद उघडला तर रेंज वेगळी. माझ्या ओळखीची 0.35 ते 5.50 नाही, 0.27 ते 4.20. मला वाटलं छापण्यात चूक झाली. मी तिथल्या तंत्रज्ञाला विचारलं, जरा चढ्या आवाजातच. मास्तरकी अंगात मुरलेली.

‘‘मशीन बदललंय मॅडम,’’ तो म्हणाला. ‘‘नव्या मशीनची रेंज येगळी असती. लॅब बदलली की बी बदलती. म्हणून तर प्रत्येक रिपोर्टावर त्याची त्याची छापतेत.’’

‘‘तपासणी तीच, युनिट तेच, तरी?’’

‘‘तरी बी. अन् हे खालचं बघा की. माणसावर बी असती.’’

त्याने बोट ठेवलं. रेंजच्या रकान्यात मोठ्या माणसांच्या ओळीखाली बारीक अक्षरात आणखी तीन ओळी होत्या. गरोदरपण, पहिले तीन महिने, 0.10 ते 2.50. त्याखाली मधले तीन महिने, त्याखाली शेवटचे तीन, प्रत्येकाचे आकडे वेगळे. जुन्या रिपोर्टावर हे काहीच नव्हतं.

‘‘माझ्या रिपोर्टावर हे कशाला?’’ मी म्हटलं. माझं वय एकोणपन्नास.

‘‘सगळ्यांच्याच येतं. परवा एका आजोबाच्या रिपोर्टावर बी आलंय. ते छापीलच हाय, कॉम्प्युटरला काय कळतं?’’

त्याला हसू आलं. मला नाही आलं. मी तिथेच बाकावर बसले. मोबाइल काढून धाकटीचा फोटो उघडला. वरून डॉक्टरांची ओळ गेलेली. उजवीकडून फक्त रेंजचा रकाना गेलेला. अंगठा नाही, सावली नाही, हात हललेला नाही. इतका स्वच्छ फोटो मला कधी कुणी पाठवला नव्हता. तो चुकून कापला गेलेला नव्हता. कुणीतरी मोबाइलवर बोटाने रेघ धरून बरोबर तेवढंच कापलं होतं, जेवढ्यावर इंग्रजीतला तो एक शब्द होता. दहावी झालेल्या धाकटीला तेवढा शब्द वाचता येतो. दोन वेळा तिच्या फाइलवर तो लिहिलेला होता.

मी लॅबच्या बाहेर येऊन फोन लावला.

‘‘तुला दिवस गेलेत का?’’

पलीकडे दुकानात कुणीतरी गूळ मागत होतं ते ऐकू आलं.

‘‘तुला कुणी सांगितलं?’’ ती म्हणाली.

‘‘किती झाले?’’

‘‘नववा आठवडा हाय. ताई, तू कुनाला बोलू नकोस. आईला बी न्हाई. आत्याबाईंनी महादेवाला शब्द दिलाय, तीन महिने पुरे होईस्तोवर कुनाच्या कानावर घालायचं न्हाई म्हनून. मागच्या दोन्ही वेळंला आदीच सांगितलतं अन् मग...’’

ते पुढचं मला माहीत होतं. मागच्या दोन्ही वेळेला तिने आधी मलाच सांगितलं होतं. म्हणजे ज्यांची नजर लागते त्यांच्या यादीत मी होते. हे त्या उन्हात उभं राहून ऐकताना मला फार लागलं, आणि लागलं म्हणून मी जास्तच ओरडले.

‘‘मग रिपोर्ट कापून कावून पाठवलास? नसता पाठवायचा!’’

‘‘डॉक्टरीनबाई म्हनल्या, रिपोर्ट येगळा आला तर लगेच या, न्हाई तर तारखेला या. अंबाजोगाईचा रस्ता किती खराब हाय तुला म्हाईत हाय. आत्याबाई म्हनल्या उगं हिसके कशाला खायाचे, तुज्या ताईला इचार. तू लिहिलंस मर्यादेत हाय. म्हनून गेलो न्हाई.’’

म्हणजे असं होतं. एका बाजूला खराब रस्ता आणि तिचं पोट, दुसऱ्या बाजूला माझा कागद. आणि त्यांनी माझ्या कागदावर भरवसा ठेवला. मी आयुष्यभर ज्याबद्दल लोकांवर चिडत आले, फोटो नीट काढा, पूर्ण काढा, तो राग आता कुणावर काढायचा ते मला कळेना. तिने अर्धं लपवलं होतं. उरलेलं अर्धं मी माझ्या कपाटातून भरलं होतं.

‘‘पूर्ण फोटो पाठव,’’ मी म्हटलं. ‘‘आत्ता. चारी कोपरे.’’

‘‘आत्याबाईंला इचारून...’’

‘‘त्यांना फोन दे.’’

आत्याबाई आल्या. मी त्यांना मावशी म्हणते. एरवी मी त्यांच्याशी फार जपून बोलते, सोयरिकीचं नातं आहे.

‘‘मावशी, तो शब्द तुमच्या सुनेसाठी छापलेला नाही. तो सगळ्यांच्या रिपोर्टावर असतो. म्हाताऱ्या माणसांच्यासुद्धा. तो कापून काही लपलं नाही. पण त्याच्यापुढचा आकडा कापला गेला, आणि तोच हवा होता.’’

‘‘मंजी?’’

‘‘म्हणजे माझा कागद चुकीचा आहे. मी लिहिलेलं खरं धरू नका.’’

‘‘तुमीच तर लिहिलंय मर्यादेत हाय म्हनून. मी देवापुढं ठेवलाय त्यो कागद.’’

‘‘तो उचला आधी,’’ मी म्हटलं. माझा आवाज चिरकला. येणारे-जाणारे बघायला लागले.

दोन मिनिटांनी फोटो आला. चारी कोपरे दिसणारा. खाली दुकानाच्या गल्ल्याचं लाकूड दिसत होतं. वर अंबाजोगाईच्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंचं नाव. उजवीकडे रेंज: मोठ्यांची 0.27 ते 4.20, माझ्या नव्या रिपोर्टासारखीच. त्या ओळीने पाहिलं तर तिचा 3.96 आत बसत होता, म्हणून लॅबनेही तो आकडा ठळक केलेला नव्हता. संगणकाला फक्त बाई आणि वय कळलेलं. त्याखालच्या ओळीत, पहिले तीन महिने, 0.10 ते 2.50.

मी बाकावर परत बसले, पर्समधून शाळेचा कागद काढला आणि चार रकाने आखले. नाव, आकडा, युनिट जसंच्या तसं. चौथ्या रकान्यात चारही ओळी, एकही न गाळता. बारीक टीप मराठीत. ‘मर्यादेत आहे’ किंवा ‘नाही’, काहीही लिहिलं नाही. दोन्ही बोटं ठेवून मोठ्याने वाचलं. शेजारचे गृहस्थ सरकून बसले. मग फोन केला आणि म्हटलं, ‘‘हा कागद घरात वाचायला. डॉक्टरांना दाखवायला मूळ रिपोर्ट न्या. आजच जा. गाडी सावकाश चालवायला सांगा, पण जा.’’

ते गेले. संध्याकाळी तिच्या नवऱ्याने फोन केला. डॉक्टरीणबाईंनी गोळी सुरू केली होती, सकाळी उपाशीपोटी घ्यायची, आणि चार आठवड्यांनी पुन्हा तपासायला सांगितलं होतं. मी विचारलं, अजून काय म्हणाल्या? तो जरा अडखळला.

‘‘आठ दिवस आदी आले असते तर बरं झालं असतं, म्हनल्या. आदीचे दोन गेलेत तर थांबायचं कावून, म्हनल्या. जरा रागावल्या.’’

‘‘कोणावर?’’

‘‘आमच्यावरच की,’’ तो म्हणाला. ‘‘तुमचं काय नाव घेतलं न्हाई आमी.’’

त्याने हे मला बरं वाटावं म्हणून सांगितलं. मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

पुढचे पाच महिने मी कसे काढले ते माझ्या वर्गातल्या पोरांना विचारा. फोन वाजला की खडू हातातून पडायचा. तिसरा महिना गेला, चौथा गेला. दर चार-सहा आठवड्यांनी रिपोर्ट यायचा, चारी कोपऱ्यांसकट, आता तर धाकटी कागदाच्या कोपऱ्यांवर शेंगदाणे ठेवून फोटो काढायची, म्हणजे कागद वळायला नको. मी उतरवून पाठवायची. आकडा खाली आला होता. मी एकदाही ‘छान’ असंसुद्धा लिहिलं नाही. तिने एकदा विचारलं, ‘‘ताई, तू रागावलीस का? कागदावर कायच लिहीत न्हाईस.’’ मी म्हटलं, जे छापलंय तेच लिहिते. तिला वाटलं, या वेळी आधी मला सांगितलं नाही ते मी मनावर घेतलंय. घेतलं होतंच. पण त्यापेक्षा मोठी गोष्ट तिला सांगायची राहिली होती. ती रेंज कुठून आली, हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. त्या सगळ्यांना वाटत होतं की फोटो कापल्यामुळे घोटाळा झाला. मी तसं वाटू दिलं.

सातव्या महिन्यात डोहाळजेवणाला मी धर्मापुरीला गेले. घर भरलेलं, बायका गात होत्या, धाकटी हिरव्या साडीत अवघडून पाटावर बसलेली. मी देवघरात नमस्काराला गेले आणि तिथे महादेवाच्या तसबिरीखाली माझा कागद दिसला. तो पहिला. चार रकान्यांचा. घडीवर विभूतीची बोटं उमटलेली, कुंकवाचा ठिपका, आणि नेमकी ती ओळ वर आलेली, ‘काळजीचे कारण नाही’.

मी उचलायला हात पुढे केला तशा मावशी मागून आल्या.

‘‘ऱ्हाऊ द्या मास्तरीनबाई. त्यो शुभाचा हाय. त्या दिशी सांजच्याला उचलला अन् सकाळी परत ठेवला मी. त्या कागदानं आठ दिस धीर दिला लेकराला.’’

‘‘मावशी, त्या आठ दिवसांतच तर गोळी चुकली.’’

‘‘ती फोटूमुळं.’’

‘‘नाही,’’ मी म्हटलं.

धाकटी पाटावरून उठून दारात आली होती. एक हात कमरेवर, एक दाराच्या चौकटीवर. आता सांगितलं नाही तर कधीच सांगणार नाही, हे मला स्वतःबद्दल माहीत होतं. मी पर्समधला पेन काढला. शाळेचा, लाल. कागद देवघराच्या फळीवर उघडला, चौथ्या रकान्यातल्या 0.35 ते 5.50 वर आडवी रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, ‘फोटोत दिसत नाही’. मग खालची काळजीची ओळसुद्धा खोडली. माझ्या आयुष्यात मी इतक्या वह्या तपासल्या, पण रेघ मारताना हात इतका जड कधी झाला नव्हता.

मावशींनी चष्मा लावून वाचलं. पोथी वाचतात तसं, एकेक शब्द उच्चारून.

‘‘फोटोत दिसत नाही.’’ त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ‘‘मग हे आकडे आलते कुठून?’’

‘‘माझ्या रिपोर्टातले आहेत,’’ मी म्हटलं. ‘‘माझ्या कपाटातल्या. कंटाळा आला होता म्हणून लिहिले.’’

बाहेर गाणं चालू होतं. मावशी कागदाकडे बघत राहिल्या. मला वाटलं त्या बोलतील, आणि मला ते ऐकायचंही होतं. पाच महिने कुणीतरी मला बोलावं म्हणून मी थांबले होते.

‘‘कापायला मीच सांगितलतं,’’ त्या हळू म्हणाल्या. ‘‘ती न्हाई म्हनत हुती. ताईला तरी सांगू द्या म्हनत हुती.’’

धाकटी सावकाश आत आली, माझ्या हातातून पेन घेतला, टोपण लावून माझ्या पर्समध्ये टाकला आणि म्हणाली, ‘‘ताई, पाठ लई दुखायलीय. पाटावर बसवून दे मला.’’

मी तिला धरून बाहेर नेलं. कागद मावशींनी घडी घालून परत तसबिरीखाली ठेवला, लाल रेघेसकट.